दोन भावांची हळद

आमच्या हट्ट्यात हळदीला दोन भाव आहेत. एक वसमतच्या मोंढ्यात बिटाच्या वेळी ठरतो, दुसरा परभणीतल्या एखाद्या घराच्या उंबऱ्यावर. पहिल्यात शेतकरी कट्ट्याशेजारी उभा असतो आणि बोलतात दुसरे. दुसऱ्यात समोर एखादी बाई असते आणि आकडा शेतकऱ्यालाच सांगावा लागतो. मोंढ्यातल्या भावाला शिव्या देणं सोपं असतं, कारण तो आपण ठरवलेला नसतो. उंबऱ्यावर आपल्याच तोंडानं सांगितलेला भाव वाजवी आहे की नाही, हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं.

घरोघर हळद देऊ लागलो तेव्हा गावात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, "मधला अडत्या गेला म्हणजे त्याचं ते आपलं." ऐकायला गोड आहे. पण मधला माणूस गेला तरी त्याचं काम जात नाही, ते कुणाला तरी करावंच लागतं. कोण करतं आणि त्याला काय मिळतं, हा प्रश्न पैशाचा कमी आणि न्यायाचा जास्त आहे.

ज्या वर्षी मोंढ्यात कांडीला सात हजार रुपये क्विंटल भाव होता, त्या वर्षीचा घरचा हिशेब सांगतो. हळद खणायची, शिजवायची, पंधरा दिवस वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची, इथपर्यंतचं काम दोन्ही वाटांना सारखंच. चार-पाच क्विंटल ओली हळद शिजून वाळली की एक क्विंटल उरते. ती मोंढ्यात नेली तर गाडीभाडं, हमाली, तोलाई जाऊन सहा हजार आठशे हातात पडत. पट्टी मिळाली की विषय संपला.

तीच क्विंटलभर कांडी घरी ठेवली, तर फोडून, परत ऊन दाखवून, दळून, चाळून शहाण्णव किलो पूड झाली. मोंढ्यात मिळाले असते ते पैसे त्यावर वाटले तर किलोला एकाहत्तर रुपये पडले. दळाई पंधरा, पिशवी सहा, जाण्यायेण्याचं भाडं आठ. झाले शंभर. आम्ही पूड दीडशेनं दिली. दुकानातलं पाकीट तेव्हा अडीचशेच्या घरात होतं. म्हणजे किलोमागं पन्नास रुपये नफा, सगळे मिळून चार हजार आठशे. भाऊ खूश झाला.

मायनं तो हिशेब ऐकला आणि म्हणाली, "आडत्याची आडत पट्टीवर दिसती बाबा. घरच्या बाईची कुठंच दिसत न्हाई."

मग कागद परत मांडला. निवडणं, फोडणं, चाळणं, पिशव्या भरणं यात माय आणि घरची बाई मिळून सहा रोज गेले होते. गावात बाईला तीनशे रुपये रोज होता, त्या भावानं अठराशे. माझे परभणीला पाच दिवस मोडले, पाचशेनं धरले तर अडीच हजार. राहिले पाचशे. आणि "पुढच्या बारीला देते" म्हणून राहिलेली तीन-चार किलोची उधारी त्या पाचशेला खाऊन बसली. ज्याला आम्ही नफा म्हणत होतो ती नुसती मजुरी होती, आणि ज्यांची होती त्यांना दिलेली नव्हती.

तेव्हापासून माझं मत असं झालं, की घरपोच मालाचा वाजवी भाव दोन प्रश्नांवर ठरतो. मोंढ्यात याचे किती आले असते? आणि मोंढ्यानंतरचं काम कुणी केलं, त्याचा रोज किती? दुकानातल्या पाकिटाचा भाव यात कुठेच येत नाही. त्याच्याकडं पाहून वीस रुपये कमी सांगायचे, हा धंदा असेल, पण त्याला वाजवी म्हणता येत नाही. दुकानाच्या भावात दुकानाचं भाडं आणि जाहिरात आहे, ती आपण केलेली नाही. उलट बाजूनं गिऱ्हाईक म्हणतं, "तुमची तर घरचीच हळद, तुम्हाला काय पडते?" त्यातही तथ्य नाही. घरची हळद फुकट नसते. मोंढ्यात विकली असती तर पैसे आले असते, ते सोडून आपण ती घरात ठेवलेली असते.

नात्यागोत्यात हे सांगणं जड जातं. पाहुणे म्हणतात, "आपल्या माणसाकडून काहून घ्यायचे इतके?" यावर आम्ही एक रीत पाडली. द्यायची तर दोन किलो तशीच द्यायची, पैसे नाहीत. विकायची तर भाव एकच. कारण भावात वीस रुपये सोडले की ते माझ्या खिशातून जात नाहीत, चाळणी हातात घेऊन बसलेल्या बाईच्या रोजातून जातात. दुसऱ्याच्या मजुरीतून आपण उदार व्हायचं, हे बरं नाही.

अडत्याबद्दलही नीट बोललं पाहिजे. एका घराला वर्षाला दोन-अडीच किलो हळद पुरते. एकरी वीस-बावीस क्विंटल वाळलेली हळद निघते. म्हणजे एका एकराची हळद घरोघर द्यायची तर आठशेच्या वर घरं लागतील. आमच्याकडं पन्नास आहेत. उरलेली कांडी, सगळे गट्टू, तुकडे, बारीक माल हे कुणाच्या उंबऱ्यावर जाणार? मोंढा ते एका दिवसात घेतो. एकदा एका अडत्यानं मला हसत विचारलं होतं, "भाऊ, तुमी चांगली कांडी वेचून शहरात देता आन् राहिलेला माल मलाच आणता ना?" त्याला उत्तर नव्हतं. आमचा दीडशेचा भावही त्याच्याच बिटावर उभा आहे.

खरी परीक्षा 2023 साली झाली. उन्हाळ्यात सहा-सात हजारांत गेलेली हळद पावसाळ्यात दुपटीच्या वर गेली. आम्ही पाडव्याला दीडशे भाव सांगून बसलो होतो आणि घरात चाळीसेक किलो पूड देण्याची राहिली होती. नव्या भावानं तिची नुसती कांडीच किलोला एकशे चाळीसच्या पुढं पडत होती. भावाचं म्हणणं, "मोंढा आपल्यासाठी थांबतो का कधी?" ते खोटं नव्हतं. पण ज्या घरांनी पाडव्याला "आमची पाच किलो धरा" म्हटलं होतं, त्यांच्याशी बोली झाली होती. ज्यांनी तोंड उघडलं नव्हतं, त्यांच्याशी काहीच ठरलं नव्हतं. म्हणून पहिल्यांना दीडशेनंच दिली, नव्यांना दोनशे वीसनं. एका गल्लीत दोन भाव झाले आणि कुरकुर झाली. मला मात्र त्यात अन्याय दिसत नाही. भाव वेगळा होता, कारण शब्द वेगळा होता.

पुढच्या पाडव्याला मोंढा पंधरा हजारांच्या आसपास होता. त्याच रीतीनं मांडलं तर दोनशे तीस पडले, तसे सांगितले. पन्नासातली दहा-बारा घरं तुटली. त्यांतली काही आदल्या वर्षी दीडशेनं घेणारीच होती. वाईट वाटलं, पण त्यांनी काही मोडलं नव्हतं. बोली एका वर्षाची होती आणि ते वर्ष संपलं होतं.

आता पाडव्याला भाव सांगताना मी मोंढ्याचा आकडा, दळाई, पिशवी, भाडं आणि रोज असं सगळं एका कागदावर लिहून दाखवतो. रोजाच्या ओळीवर बहुतेकांचं बोट थांबतं. "हा कुणाचा?" म्हणून विचारतात. मी मायचं आणि घरच्या बाईचं नाव सांगतो. ते पैसे आता त्यांच्याच हातात जातात.