अकरा पानांचा एक परिच्छेद



आज चिंतनासाठी नवीन अभंग घेतलेला नाही. गेल्या आठवड्यात एका जुन्याच अभंगाने मला चांगलं कामाला लावलं, ते सांगतो.

आमच्या सोसायटीत रविवारी मुलांचा वर्ग असतो, सातवी ते दहावीच्या मुलांचा. दर वेळी एक अभंग आणि त्याच्या अर्थाचा एक परिच्छेद मुलांना द्यायचा असतो. या वेळी तुकोबांचा रंजल्या-गांजल्यांचा अभंग होता. साधू कोणाला म्हणावं हे सांगणारा, आपल्या सगळ्यांना पाठ असलेला. माझ्याकडे त्यावरच्या प्रवचनाची मी स्वतः उतरवलेली अकरा पानं होती. त्यातून साधारण शंभर शब्द काढायचे होते. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे.

अर्ध्या तासात लिहिलं ते असं: "गरीब आणि दुःखी लोकांना मदत करावी. सर्वांवर दया करावी. मन लोण्यासारखं मऊ ठेवावं. असं वागणाऱ्यातच देव असतो."

वाचायला काय वाईट आहे? काहीच नाही. पण हाच मजकूर दुसऱ्या कुठल्याही दहा अभंगांखाली चिकटवला तरी खपला असता. मग हा या अभंगाचा अर्थ कसा झाला? शाळेच्या भिंतीवरचा सुविचार झाला. म्हणून अभंग आणि अकरा पानं शेजारी ठेवून पुन्हा पहिल्यापासून बसलो.

पहिली चूक क्रियापदात सापडली. तुकोबा 'मदत करतो' असं म्हणतच नाहीत. ते म्हणतात, अशा माणसाला जो 'आपला' म्हणतो तो साधू. मदत लांबून करता येते, फोनवरून पैसे पाठवूनही करता येते. 'हा माझा माणूस आहे' असं लांबून म्हणता येत नाही. अभंगाचा सगळा भार या एका शब्दावर आहे आणि मी नेमका तोच गाळला होता.

दुसरी अडचण शब्दांची. वर्गातल्या एका मुलाने 'रंजले'चा अर्थ 'मनोरंजन झालेले' असा लावला होता. हसू नका, त्याचं चुकलं कुठे? आपल्या रोजच्या भाषेत 'रंजन' तेवढंच उरलंय. इथे रंजणं-गांजणं म्हणजे छळलं जाणं, त्रासून जाणं. पुढचा 'आपंगिता' तर मोठ्यांनाही फसवतो. तो ऐकून 'अपंग' आठवतो आणि सरळ 'अपंगांना मदत करा' असा अर्थ निघतो. प्रत्यक्षात आपंगिता म्हणजे जवळ घेणारा, सांभाळणारा. तो ज्याला नाही, म्हणजे ज्याचं म्हणून कुणी नाही, त्याच्याबद्दल ते कडवं आहे. लांब विवेचनात असे शब्द सावकाश उलगडतात. छोट्या टिपणात त्यांचा अर्थ वाक्यातच मिसळून द्यावा लागतो, नाहीतर मुलं ओळखीच्या शब्दावर उडी मारतात.

तिसरं लोणी. अकरा पानांपैकी जवळपास दीड पान लोण्यावर होतं आणि त्यात तुलसीदासांचा दाखला होता. रामचरितमानसात ते म्हणतात की लोणी स्वतःला ताप लागला तर वितळतं, संत मात्र दुसऱ्याच्या तापाने वितळतात. फार सुंदर आहे, कापताना जीवावर आलं. पण तो मुद्दा वितळण्याचा आहे. तुकोबांचा मुद्दा वेगळा आहे: लोणी आत मऊ आणि बाहेरही मऊ, म्हणजे दाखवायचं एक आणि मनात दुसरं असं नाही. प्रवचनात दोन्ही शेजारी बसतात. शंभर शब्दांत दोन्ही कोंबले की एकही नीट कळत नाही. म्हणून अभंगात जे आहे ते ठेवलं, आणि शेजारून आलेलं कितीही गोड असलं तरी काढलं. दुष्काळाची हकिकत आणि तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखती इंद्रायणीत बुडवल्याची कथा हे भागही लेखी टिपणातून वगळले. ते वर्गात तोंडी सांगायचं ठरवलं.

आता चौथं, आणि इथे मी अडकलो. शेवटच्या आधीचं कडवं माझ्या पहिल्या टिपणात नव्हतंच. त्यात तुकोबा म्हणतात, पोटच्या मुलावर जी दया तीच घरच्या दासदासींवर. मी ते 'सर्वांवर दया करावी' यात विरघळवून टाकलं होतं. स्वतःला विचारलं, जागा नव्हती म्हणून? नाही. 'सर्वांवर' म्हटलं की कुणाचाच चेहरा समोर येत नाही. 'घरी काम करणारी बाई' म्हटलं की येतो.

शेवटी मुलांना दिलेलं टिपण हे:

"रंजले-गांजले म्हणजे परिस्थितीने किंवा लोकांनी ज्यांना फार त्रास दिला आहे अशी माणसं. त्यांना जो 'ही माझी माणसं' म्हणतो, तोच साधू. देव शोधायचा तर तिथेच. साधूचे कपडे, माळ, दाढी यांबद्दल तुकोबा इथे काहीच बोलत नाहीत. लोणी आत-बाहेर सारखंच मऊ असतं, तसं या माणसाचं मन असतं. ज्याला सांभाळणारं कुणी नाही, त्याला तो हृदयाशी धरतो. स्वतःच्या मुलावर जेवढी माया, तेवढीच घरी काम करणाऱ्या माणसांवर. तुकोबा म्हणतात, आणखी किती सांगू? देवाची मूर्ती म्हणजे हाच माणूस."

टिपण जमलंय का हे कसं कळतं? मी मुलांना 'अर्थ सांगा' म्हणत नाही, कारण ते वाचून दाखवतात. मी विचारतो, "हे वाचून तुमच्या ओळखीचं कोण आठवलं?" पहिला मसुदा घरी पुतण्याला दाखवला होता, तेव्हा उत्तर आलं होतं, "अनाथाश्रम." रविवारी वर्गात एकाला रात्रपाळीचे वॉचमन काका आठवले. दुसऱ्याला वर्गातला एक मुलगा आठवला, ज्याच्याशेजारी डब्याच्या सुट्टीत कुणी बसत नाही. आणि आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "दादा, मुलावर आणि कामवाल्या मावशींवर सारखीच माया, म्हणजे चहाचा कपसुद्धा सेम?"

मी 'हो' म्हणालो. टिपणात तसंच लिहिलं होतं, दुसरं काय म्हणणार?

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा आहे. स्टीलचा, ओट्याच्या कोपऱ्यात उपडा ठेवलेला. कुणी ठरवून ठेवला असं नाही, आईच्या काळापासून तसाच चालत आलाय. सोमवारी सकाळी मी आमच्याच कपांतल्या एकात त्यांना चहा दिला. त्यांनी कप हातात घेऊन जरा पाहिला आणि विचारलं, "दादा, माझा कप फुटला का?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. "नाही मावशी, पण आता हाच घ्या," एवढंच म्हणालो. त्या उभ्याउभ्याच चहा प्यायल्या. खुर्ची मीही पुढे केली नव्हती, हे त्या गेल्यावर लक्षात आलं.

म्हणजे माझ्यापुरता त्या कडव्याचा अर्थ अजून पुरता लागलेला नाही. मुलांचं टिपण मात्र आहे तसंच ठेवलंय. तुम्हाला या अभंगातून कोण आठवलं, ते आज जरा मनाशी बघा.

राम कृष्ण हरी.