मधला दुवा

पावसाळ्यातील चार जुम्यांच्या बयानांचा आराखडा करण्यास मला एरवी दोन संध्याकाळी लागतात. या खेपेस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला विषय सांगितले: स्वच्छता, शेजाऱ्याचे हक्क, संकटातील सब्र आणि ठेवीची अमानत. दहा मिनिटांत क्रम, उपमुद्दे, मुलांसाठी प्रश्न, सारे हाती आले. येथवर मला काही वावगे वाटत नाही. मुद्द्यांचा क्रम लावणे हे दीन सांगणे नव्हे, तर दीन सांगण्याची तयारी होय.

अडचण त्याच कागदावर पुढे होती. ‘नजाफत हा अर्धा ईमान आहे’ अशी हदीस तेथे सहीह बुखारीच्या नावे, क्रमांकासह दिलेली होती. ग्रंथ उघडला तर त्या क्रमांकावर निराळीच हदीस निघाली. स्वच्छतेविषयीची खरी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. हजरत अबू मालिक अशअरी (रजि.) तिचे कथनकर्ते आहेत आणि ‘किताबुत्तहारत’ या प्रकरणाचा आरंभच तिने होतो. तिच्यातील शब्दही ‘नजाफत’ नव्हे, ‘तुहूर’ असा आहे. तुहूर म्हणजे पवित्रता. त्यात वुजू येतो, केवळ अंगण झाडणे नव्हे. शब्द बदलला की अर्थ घसरतो, हे मराठीच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

असे का होते? हे साधन स्वतःहून ग्रंथाचे पान उलटत नाही. असंख्य मजकुरांत कोणत्या शब्दांमागून कोणते शब्द येतात, त्या सवयीवरून ते पुढचे वाक्य जुळवते. लोकांच्या तोंडी ‘हदीस’ आणि ‘बुखारी’ हे शब्द वारंवार एकत्र येतात, म्हणून तेही त्यांची सांगड घालते आणि शोभेलसा एक क्रमांक जोडते. काही साधने आता शोध घेऊन उत्तर देतात. पण तेथेही संकेतस्थळावरील चूक जशीच्या तशी येऊ शकते. शिवाय निरनिराळ्या आवृत्त्यांत क्रमांक वेगळे असतात. म्हणून केवळ क्रमांकावर न विसंबता प्रकरण, प्रथम कथनकर्ता आणि अरबी मजकुराचे आरंभीचे शब्द या तीन खुणांनी हदीस शोधावी. नुसते भाषांतर मिळाले व अरबी शब्द सापडतच नसतील, तर ते वाक्य बयानातून काढावे.

आता प्रामाणिकपणे सांगण्याचा प्रश्न. हदीसशास्त्रात ‘तदलीस’ नावाचा एक दोष आहे. कथनकर्ता आपल्या उस्तादांकडून न ऐकलेली गोष्ट मधल्या माणसाचे नाव गाळून उस्तादांच्या नावे सांगतो. ‘मी ऐकले’ असे तो म्हणत नाही. ‘अमुकांकडून’ एवढाच मोघम शब्द वापरतो. वाक्य खोटे ठरत नाही, परंतु ऐकणारा फसतो. इमाम शुअबा यांनी या सवयीचा अत्यंत कठोर शब्दांत धिक्कार केला. हाफिज इब्ने हजर यांनी अशा कथनकर्त्यांच्या पाच श्रेणी लावल्या. त्यांतील काहींचे कथन तर ‘मी स्वतः ऐकले’ असा स्पष्ट शब्द आल्यावाचून स्वीकारले जात नाही.

यंत्राने दिलेला हवाला ग्रंथ न उघडता ‘मुस्लिम शरीफमध्ये आहे’ असे म्हणून सांगणे, हे मला याच जातीचे कृत्य वाटते. हवाला खरा निघाला तरीही. मधला दुवा लपलेलाच राहतो.

त्या आराखड्यात आणखी एक गोष्ट होती. जुलै २०२१ च्या महापुरात एका वृद्धाने मशिदीच्या गच्चीवर रात्रभर अनोळखी शेजाऱ्यांना सांभाळले, अशी हृद्य हकीकत. मी ज्यांना ज्यांना विचारले, त्यांपैकी कोणालाही ती ठाऊक नव्हती. यंत्राने रचलेली होती. महाडमध्ये त्या पुराचा चिखल ज्यांनी घरातून उपसला, तळियेच्या दरडीत ज्यांची माणसे गेली, त्यांच्यासमोर मी ती सांगणार होतो! श्रोते रडलेही असते. हेतू चांगला म्हणून हदीसी रचणारेही इतिहासात झाले आहेत, आणि मुहद्दिसांनी त्यांच्या हेतूकडे पाहून त्यांना सूट दिली नाही. त्या हकीकतीऐवजी मी शेजारच्या एका काकांना विचारले. त्यांनी सांगितलेली गोष्ट साधी होती, कोरडे तांदूळ वाटून घेतल्याची. त्यांची परवानगी घेऊन तीच सांगितली.

‘हे सर्व लोकांना सांगितले तर इमामाचा मान कमी होईल,’ असे एका मित्राचे म्हणणे पडले. सवतीला खिजवण्यासाठी, नवऱ्याने न दिलेली वस्तू त्याने दिली असे भासवावे का, असे एका स्त्रीने प्रेषितांना (स.) विचारले होते. जे मिळाले नाही ते मिळाल्याचा आव आणणारा खोटेपणाची दोन वस्त्रे नेसलेल्यासारखा आहे, या आशयाचे उत्तर तिला मिळाले. ही हदीस बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. न केलेल्या अभ्यासाचा मानही मला त्याच कापडाचा वाटतो.

बयानाच्या आरंभी मी एवढेच म्हटले: मुद्द्यांचा क्रम संगणकाच्या मदतीने लावला आहे, हदीसी ग्रंथात पाहिल्या आहेत, एक हवाला सापडला नाही म्हणून गाळला आहे. पोलादपूरहून आलेल्या एका चाचांनी नमाजनंतर गाठून विचारले, “मौलाना, गाळलेली कोणती?” मी सांगितली. ती हदीस म्हणून त्यांनी नातवंडांना अनेकदा ऐकवली होती. “आता त्यांना फोन करून सांगायला हवे,” म्हणत ते एसटी पकडायला निघाले.