गव्हाणीपासून आरंभ

नाताळच्या गोठ्याचे नाव निघताच मूर्तींचा संच डोळ्यांसमोर यावा हे हल्ली स्वाभाविक झाले आहे. परंतु ज्या प्रसंगापासून ही प्रथा लोकप्रिय झाली असे मानतात, त्या प्रसंगी मूर्ती नव्हत्याच. इ. स. १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो या डोंगरी गावी संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या सुमारे पंधरा दिवस आधी एका स्थानिक गृहस्थाकडून जी तजवीज करून घेतली, तिच्यात एक गव्हाण, तिच्यात घालायचे वाळलेले गवत, एक बैल आणि एक गाढव एवढेच जिन्नस होते, आणि त्या गव्हाणीपाशीच त्या रात्री मिस्सा झाली. मुलांसह घरी गोठा करू पाहणाऱ्याने हाच क्रम धरावा, असे माझे आग्रहाचे मत आहे: आधी गव्हाण, मग जनावरे, मग माणसे, आणि ज्याच्यासाठी हे सर्व, ते बाळ सर्वांत शेवटी.

आमच्या उचगावात या कामाला निसर्ग आणि रिवाज दोन्ही अनुकूल आहेत. दिवाळीत मुलांनी अंगणात शिवरायांचा किल्ला रचलेला असतो, त्याची तांबडी माती, दगड आणि पोती घरातच असतात. भाताची सुगी आटोपत आल्यामुळे पिंजर हवे तेवढे मिळते. आणि कर्नाटकी बेंदराला मातीचे बैल करून मुलांची बोटे आधीच तयार झालेली असतात. यांखेरीज दोन फूट लांब व दीड फूट रुंद अशी एक फळी, बांबूच्या कामट्या, सुतळी, मूठभर नाचणी आणि थोडी शाडू एवढेच लागते. पिंजर मात्र दोन दिवस कडक उन्हात घालावे. ते दमट राहिले तर आठवड्याच्या आत त्यावर पांढरी बुरशी धरते व सारा गोठा कुबट वासाने भरतो.

आमच्या घरी प्रत्येक टप्प्याला मुले एक चिठ्ठी लिहून फळीच्या कडेला लावतात. पहिल्या चिठ्ठीवर असते, ‘ही गव्हाण, इथे गुरे वैरण खातात.’ तीन इंच लांबीची ही गव्हाण कामट्यांची करावी आणि आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळच्या चार रविवार आधी, रिकामीच फळीवर ठेवावी. लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत ठेवल्याचा उल्लेख आहे, आणि कारणही दिले आहे: उतरायच्या ठिकाणी त्यांना जागा नव्हती. कैसर औगुस्ताने खानेसुमारीचा हुकूम काढला, रयतेला आपापल्या मूळ गावी नाव नोंदवणे प्राप्त झाले, आणि त्या सरकारी धांदलीत एका गर्भवती स्त्रीला जनावरांच्या वैरणीजवळ आसरा घ्यावा लागला. दावणीचा आणि शेणाचा वास ज्यांच्या रोजच्या परिचयाचा आहे अशा मुलांना या वाक्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

‘हा गोठा, याला समोर दार नाही’ ही दुसरी चिठ्ठी. नऊ इंच उंचीच्या चार कामट्या ओल्या मातीच्या गोळ्यांत रोवून वर पिंजराच्या पेंढ्यांचे छप्पर सुतळीने बांधावे. पुढली बाजू उघडी ठेवण्याचे कारण केवळ दिसण्याची सोय हे नव्हे. जो येईल त्याला आत येऊ देणे हा या चित्राचा आशय आहे. छपराखाली पणती किंवा मेणबत्ती कधीही लावू नये, बॅटरीवर चालणारा लहानसा दिवा पुरे.

मूर्ती करताना खरी कसोटी मातीची असते. किल्ल्याची तांबडी माती नुसती वापरली तर ती रवाळ असल्यामुळे तडकते. म्हणून ती चाळून निम्मी शाडू मिसळावी, रात्रभर भिजवून बारीक कातरलेल्या पिंजराबरोबर मळावी, आणि बोटाएवढी वळी करून ती बोटाभोवती वाकवून पाहावी. वळी तुटली तर शाडू आणखी हवी. मापे आधी ठरवावीत, नाहीतर बाळ बैलाएवढे होते, कारण जे महत्त्वाचे ते मोठे असा मुलांचा न्याय असतो: उभा योसेफ सहा इंच, गुडघे टेकलेली मरिया चार इंच, बाळ दोन इंच. मूर्ती बुडातून चमच्याने कोरून पोकळ करावी व चार-सहा दिवस सावलीत वाळवावी. डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात ती उन्हात ठेवली तर मानेशी आणि पायांच्या सांध्याशी हमखास भेग पडते. मूर्ती गालाला लावून पाहावी. गार लागली तर आत ओल आहे, रंग देऊ नये.

‘बैल आपल्या धन्याला ओळखतो’ अशी तिसरी चिठ्ठी. लूक बैलाचा किंवा गाढवाचा उल्लेख करीत नाही. ते येतात यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या आरंभीच्या उद्गारातून, जिथे बैल धन्याला आणि गाढव धन्याच्या गव्हाणीला ओळखते, पण प्रजा मात्र ओळखत नाही, अशी व्यथा आहे. मुलांचा बैल लांब शिंगांचा खिलारी निघतो व शिंगे रंगवलीही जातात. त्यास हरकत घेऊ नये.

मरियेची मुद्रा पाहणाऱ्याकडे नसून गव्हाणीकडे असावी आणि पांघरूण परंपरेप्रमाणे निळे असावे. योसेफाच्या हाती काठी द्यावी. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक शब्दही नाही. तो ऐकतो, उठतो आणि करतो. मितभाषी, कष्टाळू मनुष्याचे हे चित्र मुलांना आपल्या घरातील कुणाचे ना कुणाचे वाटते.

मेंढपाळांच्या बाबतीत आमचा मुलूख विशेष भाग्यवान आहे, कारण पीक निघाल्यावर शेतात मेंढरे बसवणारे धनगर मुलांनी प्रत्यक्ष पाहिलेले असतात. त्यांच्या खांद्यावर घोंगडीचा तुकडा द्यावा. रात्री उघड्यावर कळप राखणाऱ्या माणसांना ही वार्ता प्रथम कळली, अंमलदाराला किंवा याजकाला नव्हे, ही गोष्ट मुलांना ठळकपणे सांगावी. त्यांच्या पायांखालच्या कुरणासाठी नाचणी रात्रभर भिजवून साधारण १५ डिसेंबरला मातीच्या पातळ थरावर पेरावी. फार आधी पेरली तर ती नाताळपर्यंत पिवळी पडून आडवी होते.

पूर्वेकडील ज्ञानी लोक लूकच्या नव्हे, मत्तयच्या कथेतले. ते तीन होते असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून ती संख्या रूढ झाली. सोने राजाला, ऊद देवाला आणि गंधरस मरणाऱ्या देहाला, असा त्यांचा अर्थ जुन्या काळापासून लावला जातो, आणि शेवटची भेट मुलांपासून लपवण्याचे कारण मला दिसत नाही. मत्तयप्रमाणे ते घरात आले, गोठ्यात नव्हे. म्हणून त्यांना प्रथम दूर, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवावे आणि रोज थोडे पुढे सरकवत ६ जानेवारीला पोहोचवावे.

बाळाची मूर्ती २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत कपाटात राहू द्यावी आणि घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाने ती गव्हाणीत ठेवावी. ज्यांना माती मळायला सवड नाही त्यांनी मूर्ती खुशाल विकत आणाव्यात. गव्हाण तेवढी मुलांच्या हातची करावी, आणि चार आठवडे ती रिकामी ठेवावी.