शपथ त्याची, शब्द आपले

नाशिक जिल्ह्यातल्या सायखेड्याचे बागायतदार नाना यांचा मुलगा डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीतून अधिकारी होऊन बाहेर पडला. परेड संपल्यावर आई-वडिलांनी त्याच्या दोन्ही खांद्यांवर तारे लावले. रात्री नानांनी त्या क्षणाचा फोटो मला पाठवला आणि स्टेटसला ठेवायची ओळही: ‘देशासाठी प्राण द्यायला आमचा वाघ सज्ज!’ पाठोपाठ विचारलं, “बरोबर वाटतं का?”

अभिमान सोळा आणे खरा होता, पण ओळ मला पटली नाही. प्राण मुलाचे आहेत. ते देऊ करण्याचा हक्क बापालाही नाही. शिवाय मुलगा जे बोलायचं ते आधीच बोलून चुकला आहे. राज्यघटनेशी निष्ठा, जमीन, समुद्र, आकाश यांपैकी जिथे पाठवतील तिथे जाण्याची तयारी आणि जिवावर बेतलं तरी आज्ञापालन, हे सगळं लष्करी शपथेत येतं. ती शपथ त्याने स्वतःच्या तोंडाने घेतली. तेच फोटोखाली मोठ्या आवाजात पुन्हा सांगितलं, तर त्याच्या शब्दाचं वजन वाढत नाही.

‘वाघ सज्ज’ म्हणताना आपल्या मनात लढाईचं एक ठरावीक चित्र असतं. धोका त्या चित्राप्रमाणे येतोच असं नाही. नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे 27 फेब्रुवारी 2019 रोजी बडगामजवळ हेलिकॉप्टर कोसळून गेले. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं होतं, हे त्याच वर्षी हवाई दलाने मान्य केलं. ज्या जिल्ह्याने हे पाहिलं आहे, तिथे तरी मरणाचा उपयोग शोभेसाठी होऊ नये.

मग ‘देवा, माझ्या लेकराला सांभाळ’ असं लिहावं का? आईच्या मनात ते असणारच. पण ती ओळ मुलगाही वाचतो, त्याच्या हाताखाली येणारे जवानही वाचतात. अकादमीत त्याला याच्या नेमका उलटा क्रम शिकवलेला असतो. 1932 मध्ये अकादमीचं उद्घाटन करताना जनरल चेटवुड यांनी तो सांगितला: आधी देशाची सुरक्षितता, मान आणि हित, मग हाताखालच्या माणसांचं, आणि स्वतःचा आराम व सुरक्षितता सगळ्यात शेवटी. पायदळात गेलेल्या नव्या लेफ्टनंटकडे साधारण तीसेक जवानांची प्लाटून येते. त्यांतले कित्येक त्याच्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठे असतात. तारे लागले की तो फक्त आपला लेक राहत नाही. त्या तीस घरांची माणसं त्याच्या निर्णयांवर अवलंबून राहणार असतात. अभिमान धरायचा तर या जबाबदारीचा.

संयम म्हणजे काय, हे सायखेड्याला शिकवावं लागत नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाकाठचे लोक किती क्युसेक ते विचारतात, दुकानातला माल वर चढवतात, जनावरं हलवतात. धोका ठाऊक असतो, म्हणूनच कुणी त्याचा गाजावाजा करत नाही.

नानांना मी एवढंच सुचवलं: ‘आज आमचा मुलगा भारतीय सैन्यात लेफ्टनंट झाला. त्याला घडवणाऱ्या शिक्षकांचे आणि अकादमीतल्या उस्तादांचे आम्ही ऋणी आहोत. त्याच्या हाती येणाऱ्या जवानांची तो नीट काळजी घेवो.’ यात जे घडलं ते आहे, ज्यांनी घडवलं ते आहेत, आणि पुढचं काम आहे. धोका शेवटच्या वाक्यात आहेच. ज्याला कळायचा त्याला तो कळतो.

काही गोष्टी मुद्दाम गाळायच्या. कोणतं युनिट मिळालं, कुठे आणि कोणत्या तारखेला हजर व्हायचं, हे लिहू नये. चौकातल्या फ्लेक्सवर तर मुळीच नको. छातीवरची नावाची पट्टी किंवा हातातला हुकुमाचा कागद फोटोत वाचता येत असेल, तर तो फोटो बाजूला ठेवावा. सैन्याने 2020 मध्ये आपल्या लोकांना फेसबुकसह 89 अ‍ॅप मोबाइलमधून काढायला लावली होती. मुलगा जी शिस्त पाळतो, ती काका-मामांच्या कौतुकामुळे मोडायला नको.

भीती मात्र दडपू नये. तिची जागा घरात आहे. मुलगा सुट्टीवर असतानाच विम्याला वारस म्हणून कुणाचं नाव लावलं, निरोप आला तर तो आधी कुणाला यावा, आईला कुणी सांगायचं, हे समोरासमोर बसून ठरवावं. ही बोलणी अवघड असतात. पण ती झालेल्या घरातून निघणारा मुलगा मागची काळजी थोडी कमी घेऊन जातो, आणि तेवढं त्याचं लक्ष त्याच्या जवानांकडे राहतं.