कोऱ्या सीटीचा अर्थ

‘सीटी नॉर्मल आहे’ हे ऐकून लकव्याच्या रुग्णाचे नातेवाईक निःश्वास सोडतात. पण ज्याचा उजवा हात लुळा पडला आहे आणि बोबडी वळली आहे, त्याच्या बाबतीत या वाक्याचा अर्थ वेगळा असतो: मेंदूत रक्तस्राव नाही, म्हणजे बहुधा रक्तवाहिनी तुंबली आहे.

1971 मध्ये लंडनला सीटीवर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. सांडलेले रक्त सीटीवर लगेच पांढरे दिसते. तुंबलेल्या भागात मात्र पहिले काही तास फारसे काही दिसत नाही. ही सीटीची उणीवच मानली जाई. 1995 मध्ये गुठळी विरघळवणारे औषध तीन तासांच्या आत दिल्यास उपयोगी पडते हे सिद्ध झाले, 2008 मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली, आणि प्रश्नच बदलला. रक्तस्राव असताना हे औषध जीव घेऊ शकते. म्हणून काही मिनिटांत तो नाकारणारी, बहुतेक ठिकाणी मिळणारी सीटी पहिली ठरली. तिचे कोरे चित्र उपचाराची परवानगी बनले.

मग डिफ्यूजन एमआरआय कशासाठी? रक्त थांबले की पेशींचे सोडियम बाहेर फेकणारे पंप बंद पडतात. बाहेरचे पाणी पेशींत शिरते, पेशी फुगतात, मधल्या फटी अरुंद होतात. त्या भागातले एकूण पाणी अजून फारसे वाढलेले नसते, म्हणून सीटीला फरक कळत नाही. पण पाण्याच्या रेणूंची हालचाल अडलेली असते, आणि डिफ्यूजन नेमकी तीच मोजते. 1990 मध्ये मोझली आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या मेंदूत हा बदल तासाभराच्या आत दाखवला.

समजा, मोहाडीचा एक शेतकरी रात्री दहाला धडधाकट झोपला आणि पहाटे पाचला लुळा हात घेऊन उठला. साडेसहाला भंडाऱ्यात केलेली सीटी कोरी. घड्याळ ‘शेवटचा ठीक पाहिला’ तेव्हापासून धरायचे, म्हणजे साडेआठ तास उलटले. पूर्वी इथेच सारे थांबे. नागपुरात एमआरआयमध्ये डिफ्यूजनवर डाग उजळ दिसला, पण फ्लेअर नावाच्या चित्रात अजून उमटला नसला, तर आघात बहुधा साडेचार तासांच्या आतला असतो. कारण फ्लेअरला दिसण्याइतके पाणी साचायला वेळ लागतो. या आधारे औषध देता येते, हे 2018 च्या युरोपातील चाचणीने दाखवले. मात्र तेही जाग आल्यापासून साडेचार तासांत, म्हणजे साडेनऊच्या आत सुरू व्हावे लागते.

डिफ्यूजनही चुकते. मेंदूच्या खोडातला छोटा आघात पहिल्या दिवशी निसटू शकतो. तेव्हा डॉक्टरांनी लक्षणांवर विश्वास ठेवायचा असतो.

म्हणूनच आघाताची वेळ पक्की असेल आणि सीटीत रक्त नसेल, तर एमआरआयसाठी औषध अडवू नये. आणि वेळ माहीत नसेल, तर कोऱ्या सीटीवर समाधान मानून रुग्णाला घरी नेऊ नये.