उसने आणि दिलेले

पैसा मध्ये आला की नाते नासते, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पुरते पटत नाही. नाते नासते ते पैशाने नव्हे, त्याला दिलेल्या खोट्या नावाने. रक्कम परत यायची नाही हे देणारा जाणतो, घेणाराही जाणतो. तरी दोघेही तिला 'हातउसने' म्हणतात. मग देणारा मनात हिशेब ठेवतो आणि घेणारा लग्नकार्यात नजर चुकवतो.

आमच्या मेहुण्यांचेच उदाहरण घ्या. माणूस लाघवी, कामाला वाघ. जूनमध्ये मुलाच्या फीसाठी पाच हजार नेले, गणपतीत आठ आणि संक्रांतीला दुचाकीच्या दुरुस्तीसाठी बारा. पहिले फिटण्याआधी दुसरे, दुसऱ्याआधी तिसरे, आणि आकडा दर खेपेस वाढता: अडचणीची सवय झाली हे ओळखण्याची ही खूण. दुसरी खूण म्हणजे, "ताई, दाजींना सांगू नकोस."

ताईने मला सांगितले. एका रात्री आम्ही वही घेऊन बसलो. बेरीज पंचवीस हजार. मी तिला एवढेच विचारले, "हे परत येणार नाही असे धरले, तर वर्षाला किती आनंदाने देशील?" ती म्हणाली, "दहा." तीच आमची मर्यादा ठरली, तिच्या माहेरासाठी दहा आणि माझ्या भावंडांसाठीही दहाच. माप एकच ठेवले म्हणून तिला माहेरचे वाईट वाटले नाही आणि मला उपकार केल्यासारखे वाटले नाही. दिलेले ते दिलेले. उसने मात्र कोणालाच नाही. दुखणे आले तर औषधाचे बिल आम्ही दुकानातच भरू. जामिनाची सही कोणासाठीही करायची नाही, कारण 1872 च्या करार कायद्याप्रमाणे एरवी जामीनही मूळ ऋणकोइतकाच देणेकरी ठरतो.

आणखी एक ठरले. उत्तर त्याच दिवशी द्यायचे नाही, आणि ज्याचे नातेवाईक त्यानेच ते द्यायचे. जावयाचा नकार अपमान ठरतो. बहिणीचा नकार फार तर रुसवा आणतो.

तसा तो आलाच. मागचे पंचवीस सोडले, यापुढे उसने नाही, हे तिने भावाला स्पष्ट सांगितले. मनातल्या मनात माफ केलेले कर्ज फिटत नाही, म्हणून हे बोलणे भाग होते. तो तीन महिने फिरकला नाही. तिला ते जड गेले, पण अपराधी वाटले नाही. कर्तव्याला काठ नसला की कितीही केले तरी उणेच वाटते. काठ दिसला की आपण आपले केले, हे कळते.

भाऊबीजेला तो आला. ताटात त्याने एकशे एक रुपये ओवाळणी घातली. पूर्वी ती "राहू दे रे" म्हणून परत करी. या खेपेस तिने ती कपाळाला लावून घेतली.