ग्लासनोस्त आणि पेरेस्त्रोइका: घोषणांपूर्वीचे अर्थ

सोव्हिएत संघाच्या अखेरच्या पर्वाविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते, तिच्यात ग्लासनोस्त आणि पेरेस्त्रोइका हे दोन शब्द नेहमी जोडीने उच्चारले जातात, पहिल्याला ‘खुलेपणा’ व दुसऱ्याला ‘पुनर्रचना’ असे प्रतिशब्द देऊन लेखक निश्चिंतपणे पुढे जातात, आणि वाचकाची अशी समजूत होते की हे दोन्ही शब्द मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्याबरोबरच 1985 साली राजकारणात अवतरले. अलीकडे तर ग्लासनोस्त म्हणजे भाषणस्वातंत्र्य, आणि ते एका उदार नेत्याने आपल्या प्रजेला बहाल केले, असे प्रतिपादन विद्वानांच्या लेखणीतूनही वारंवार होऊ लागले आहे. हे दोन्ही शब्द शीतयुद्धाच्या प्रचारतंत्राने फुगवले, या मताची दखल घेण्याचे कारण नाही. प्रचार सुरू होण्यापूर्वीच हे शब्द वापरात होते की नाही, एवढे पाहिले म्हणजे ते मत निकालात निघते. परंतु भाषणस्वातंत्र्याचे समीकरण मात्र वरकरणी इतके विश्वसनीय दिसते की त्याचा समाचार सविस्तर घेतला पाहिजे.

झारशाहीच्या काळात, दुसऱ्या अलेक्झांडरच्या राज्यारोहणानंतर, सुधारणावादी सरकारी अंमलदारांच्या तोंडी ग्लासनोस्त हा शब्द सर्रास ऐकू येऊ लागला. राजबंधू कॉन्स्टंटिन यांच्या अखत्यारीतील नौदल खात्याच्या मासिकात प्रशासनाचे व शिक्षणाचे प्रश्न उघडपणे चर्चिले जाऊ लागले होते, आणि भूदासांच्या मुक्तीचा विचार ज्या समितीत 1857 साली गुप्तपणे सुरू झाला, तिच्या नावातील ‘गुप्त’ हे विशेषण पुढच्याच वर्षी गळून पडले. या संदर्भांत ग्लासनोस्तचा अर्थ एवढाच होता की सरकारदरबारी चाललेले काम दप्तरात दडवून न ठेवता संबंधितांच्या नजरेस पडावे. कोणी काय बोलावे याची मुभा त्यात अभिप्रेत नव्हती. 1864 च्या न्यायसुधारणेने या शब्दाला कायद्याचे अधिष्ठान दिले. त्यापूर्वी रशियातील खटले बंद दाराआड, लेखी कागदांच्या आधारे चालत असत. आता सुनावणी उघड व तोंडी व्हावी, वकिलांनी समोरासमोर युक्तिवाद करावा आणि गंभीर गुन्ह्यांचा निवाडा ज्यूरीने द्यावा, असे ठरले, आणि या व्यवस्थेचे एक मूलतत्त्व म्हणून ग्लासनोस्त हा शब्द विधिज्ञांच्या परिभाषेत स्थिर झाला.

आता ज्यांना ग्लासनोस्त आणि भाषणस्वातंत्र्य ही एकच वस्तू वाटते, त्यांनी या कालखंडाचा उलगडा करून दाखवावा. न्यायालयाचे दार उघडे होते, पण वृत्तपत्रांवरील नियंत्रण उठलेले नव्हते. 1878 साली पीटर्सबर्गचा शासक त्रेपोव्ह याच्यावर गोळी झाडणाऱ्या वेरा झासुलिच हिचा खटला चालला, तेव्हा त्रेपोव्हने एका कैद्याला फटके मारविल्याची हकीकत तिच्या वकिलाने भर न्यायालयात साद्यंत सांगितली. तीच हकीकत तितक्याच निर्भयपणे एखाद्या संपादकाने आपल्या पत्रात मांडली असती, तर त्याला सरकारी कारवाईची धास्ती बाळगावी लागली असती. ज्यूरीने झासुलिचला निर्दोष सोडले, आणि थोड्याच दिवसांत सरकारने अशा स्वरूपाचे खटले ज्यूरीच्या कक्षेतून काढून घेतले. भाषणाचे स्वातंत्र्य नसतानाही ग्लासनोस्त अस्तित्वात होती, आणि ज्या गोष्टीची सरकारला भीती वाटली ती वक्त्याची मुभा नसून कार्यवाहीचा उघडपणा होता, हे यावरून दिसते. लेनिननेही 1902 च्या ‘काय करावे?’ या पुस्तिकेत हा शब्द पक्षाच्या कारभाराला लावला आहे: संपूर्ण ग्लासनोस्त असल्याखेरीज लोकशाहीविषयी बोलणे व्यर्थ आहे, पण झारशाहीच्या पोलिसांखाली काम करणाऱ्या गुप्त संघटनेला ती परवडणार नाही, असे त्याचे म्हणणे होते.

सर्वांत निर्णायक पुरावा मात्र 1965 चा आहे. त्या वर्षी सप्टेंबरात आंद्रेई सिन्याव्स्की व युली दानिएल या दोन लेखकांना, टोपणनावाने परदेशात पुस्तके छापल्याबद्दल अटक झाली. कवी येसेनिन यांचे पुत्र आणि स्वतः गणितज्ञ असलेले अलेक्झांडर येसेनिन-वोल्पिन यांनी 5 डिसेंबर या संविधानदिनी मॉस्कोच्या पुश्किन चौकात एक मेळावा योजला, आणि त्याला नाव दिले ‘ग्लासनोस्तचा मेळावा’. लेखकांना सोडा, अशी मागणी तेथे नव्हती, आणि त्यांचे लेखन निर्दोष आहे, असाही दावा नव्हता. मागणी एकच होती: खटला उघड चालवा. 1936 च्या संविधानाचे कलम 111 कायद्याने सांगितलेले अपवाद सोडून सर्व न्यायालयांतील सुनावणी उघड ठेवावी असे सांगते, त्या कलमावर बोट ठेवून ही दाद मागितली गेली. आणि अधिकाऱ्याने सांगताच शांतपणे पांगावे, अशी सूचनाही आवाहनातच होती. ज्याला भाषणस्वातंत्र्य हवे असते तो वाक्स्वातंत्र्याचे कलम पुढे करतो, आणि तसे कलम त्या संविधानात होतेही. वोल्पिन यांनी ते बाजूला ठेवून न्यायप्रक्रियेचे कलम निवडले. ही निवड बुद्ध्याच केलेली होती, असे मला निःसंशय वाटते, कारण वाक्स्वातंत्र्याच्या कलमाला समाजवादाच्या हिताची अट जोडलेली असल्याने तेथे वाद अर्थाचा झाला असता, तर येथे केवळ दार उघडे आहे की बंद, एवढ्या वस्तुस्थितीचाच होता.

फेब्रुवारी 1966 मध्ये खटला चालला तेव्हा तो नावापुरता उघड होता, पण प्रवेश परवान्यावरच मिळे आणि परवाने निवडक मंडळींनाच वाटलेले होते. ग्लासनोस्त खरी की दिखाऊ, हे ओळखण्याची खूण म्हणून दाराशी कोणाला अडवतात हेच पाहावे लागते. पुढे 1977 च्या संविधानाने नवव्या कलमात ग्लासनोस्तच्या विस्ताराचे अभिवचन दिले, आणि पुढच्याच वर्षी मानवी हक्क कार्यकर्ते युरी ऑर्लोव्ह यांच्या खटल्याला त्यांचे मित्र व परदेशी पत्रकार यांना आत जाता आले नाही. शब्द कायद्यात शाबूत होता, म्हणूनच तो मोडला गेल्याचे दाखवता आले.

पेरेस्त्रोइकाचा पूर्वेतिहास या दृष्टीने अगदी निराळा आहे. एप्रिल 1932 मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीने ‘साहित्यिक व कला संघटनांच्या पेरेस्त्रोइकाविषयी’ असा ठराव काढला. त्याने सर्वहारा लेखकांची संघटना बरखास्त झाली आणि साऱ्या लेखकांसाठी एकच संघ स्थापण्याचा हुकूम निघाला. बरखास्त झालेल्या संघटनेच्या दंडेलीला कंटाळलेल्या अनेक लेखकांनी त्याचे स्वागत केले, हे खरे. पण त्यांना कोणी विचारले नव्हते, हेही तितकेच खरे. तीस वर्षांनी, नोव्हेंबर 1962 मध्ये, ख्रुश्चेव्ह यांच्या आग्रहावरून प्रादेशिक पक्ष समित्यांची औद्योगिक व कृषी अशी विभागणी झाली, आणि ती करणाऱ्या ठरावाच्या शीर्षकातही हाच शब्द होता. दोन्ही वेळी पेरेस्त्रोइका ही अमुक एका संस्थेची होती, वरून खाली होत होती, आणि ती कोणी करावयाची याविषयी शंकेला जागा नव्हती.

मला जो भेद महत्त्वाचा वाटतो तो येथे आहे. ग्लासनोस्त न मिळाल्याची तक्रार करता येत होती, कारण तिचे निकष लेखी कायद्यात होते. पेरेस्त्रोइका मात्र ठरावाने येई आणि ठरावानेच जाई. ऑक्टोबर 1964 मध्ये ख्रुश्चेव्ह पदच्युत झाले आणि नोव्हेंबरात दुभंगलेल्या समित्या पुन्हा एकत्र करण्यात आल्या. ज्यांच्या जागा या फेरफारात गेल्या त्या सचिवांना दाखवण्यासारखे एकही कलम नव्हते.